कुत्र्याची गाठ काढली, रिपोर्ट आला: मार्जिन, ग्रेड आणि मायटॉटिक काउंट यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुत्र्याच्या कातडीवरून काढलेली गाठ अनेक प्रकारची असू शकते आणि प्रत्येक प्रकाराचा रिपोर्ट वेगळ्या तऱ्हेने वाचावा लागतो. इथे एकच प्रकार घेतला आहे: मास्ट सेल ट्यूमर, म्हणजे मास्ट सेल नावाच्या रोगप्रतिकारक पेशींपासून होणारी गाठ. कुत्र्यांमध्ये हा वारंवार आढळतो, आणि मार्जिन, ग्रेड, मायटॉटिक काउंट या तिन्ही गोष्टी एकाच कागदावर येऊन घरच्यांना गोंधळात टाकतात त्या याच ट्यूमरमध्ये सर्वांत जास्त.

उदाहरणादाखल राणीचा रिपोर्ट समोर ठेवू. राणी आठ वर्षांची लॅब्रॅडॉर. उजव्या बरगड्यांवर 1.8 सेंटिमीटरची गाठ होती. सुईने पेशी काढून पाहिल्या तेव्हा मास्ट सेल दिसल्या. मग गाठीच्या सगळ्या बाजूंनी किमान 2 सेंटिमीटर निरोगी कातडी आणि खालचा एक थर धरून ती काढली. आठवड्याभराने आलेल्या रिपोर्टमधल्या कामाच्या ओळी अशा होत्या:

निदान: त्वचेचा मास्ट सेल ट्यूमर. पॅटनाइक ग्रेड 2. किउपेल लो ग्रेड. मायटॉटिक काउंट: 10 हाय पॉवर फील्डमध्ये (2.37 चौ. मिमी) 2. कडा: डोक्याकडे 18 मिमी, शेपटीकडे 17 मिमी, पाठीकडे 10 मिमी, पोटाकडे 6 मिमी, तळाशी 1 मिमी; तळाशी फॅशिया आहे.

राणीच्या मालकीणबाईंनी रात्री फोन केला. "डॉक्टर, तळाशी एकच मिलीमीटर म्हणजे थोडं आत राहिलंच की हो? आणि ग्रेड टू म्हणजे दुसरी स्टेज ना?" दोन्हींचं उत्तर 'नाही' होतं. ते का, हे पुढच्या उत्तरांत येईल.

रिपोर्ट हातात आल्यावर सगळ्यांत आधी कुठे बघायचं?

निदानाच्या ओळीतल्या एका शब्दाकडे: ट्यूमर 'त्वचेचा' लिहिलाय की 'त्वचेखालचा'. इंग्रजी रिपोर्टमध्ये यालाच क्युटेनियस आणि सबक्युटेनियस म्हणतात. पहिला कातडीच्या थरातच सुरू होतो, दुसरा कातडीखालच्या चरबीत. बाहेरून हाताला दोन्ही सारखेच लागतात. पण खाली ज्या ग्रेडबद्दल बोलणार आहोत त्या फक्त त्वचेच्या ट्यूमरसाठी बनवलेल्या आहेत. चरबीतल्या ट्यूमरला त्या लावल्या तर उत्तर भलतंच येतं. तिथे पेशी किती विभागत आहेत आणि ट्यूमर आजूबाजूला कसा घुसतोय, यावरून अंदाज बांधतात. तुमच्या रिपोर्टमध्ये 'सबक्युटेनियस' असून पुढे ग्रेडही दिली असेल, तर डॉक्टरांना त्याबद्दल जरूर विचारा.

ग्रेड आणि स्टेज एकच ना?

नाही. ग्रेड म्हणजे या गाठीच्या पेशी स्वभावाने कशा आहेत. ती सूक्ष्मदर्शकाखाली गाठीचाच तुकडा पाहून ठरते. स्टेज म्हणजे आजार शरीरात कुठवर पोचला आहे. त्यासाठी लिम्फ नोड, यकृत, प्लीहा तपासावी लागतात. गाठीच्या तुकड्यावरून स्टेज सांगता येत नाही. राणीच्या कागदावरचा '2' हा आकडा पेशींच्या स्वभावाबद्दल होता.

पण मग दोन ग्रेड का दिल्यात? एकीकडे '2', दुसरीकडे 'लो'.

कारण दोन पद्धती आहेत आणि बहुतेक पॅथॉलॉजिस्ट दोन्ही लिहितात.

जुनी पद्धत पॅटनाइक यांची, 1984 सालची. तिच्यात 1, 2 आणि 3 असे तीन गट आहेत. गाठ किती खोल गेली आहे, पेशी किती बेढब दिसतात, किती विभागत आहेत, हे पाहून गट ठरतो. अडचण मधल्या गटाची. 1 म्हणजे सौम्य आणि 3 म्हणजे वाईट, हे ठीक. पण 2 मध्ये वर्षानुवर्षं आरामात जगणारी कुत्रीही येतात आणि काही महिन्यांत हाताबाहेर जाणारीही. शिवाय एकच काच दोन पॅथॉलॉजिस्टना दिली तर एक 1 म्हणतो आणि दुसरा 2, हेही सर्रास होतं.

म्हणून 2011 मध्ये किउपेल आणि सहकाऱ्यांनी दोनच गटांची पद्धत मांडली: लो आणि हाय. त्यांनी 95 ट्यूमरच्या काचा 28 पॅथॉलॉजिस्टना दाखवल्या. जुन्या पद्धतीत त्यांची मतं बरीच फुटली, नव्या पद्धतीत जवळजवळ सगळे एकमताचे निघाले. नवी पद्धत मोजण्यावर चालते. पुढच्या चारपैकी एक गोष्ट जरी सापडली तरी ट्यूमर हाय ग्रेड: 10 फील्डमध्ये 7 किंवा अधिक विभागणाऱ्या पेशी; तीन किंवा अधिक केंद्रकं असलेल्या किमान 3 पेशी; विचित्र आकाराची किमान 3 केंद्रकं; किंवा निदान दहा टक्के पेशींच्या केंद्रकांच्या आकारात दुपटीचा फरक. यातलं काहीच नसेल तर लो.

त्याच अभ्यासात हाय ग्रेडच्या कुत्र्यांचं मध्यक आयुष्य चार महिन्यांपेक्षा कमी आणि लो ग्रेडच्यांचं दोन वर्षांहून जास्त निघालं. मध्यक म्हणजे गटातली निम्मी कुत्री त्याहून कमी आणि निम्मी त्याहून जास्त जगली. तुमच्या कुत्र्याच्या नावावर लिहिलेली तारीख ती नाही, हे मी मुद्दाम सांगतो, कारण लोक तो आकडा कॅलेंडरवर मोजायला लागतात.

राणीचा '2' आणि 'लो' यांत विरोध नाही. जुन्या पद्धतीतला मधला, म्हणजे काहीच न सांगणारा गट आणि नव्या पद्धतीतला चांगला गट. दोन्ही आकडे लिहिलेले असतील आणि जुना 2 असेल, तर मी नव्याकडे बघतो. लो आणि जुना 3, किंवा हाय आणि जुना 1, असं जोडपं दिसलं तर मात्र पॅथॉलॉजिस्टला फोन लावतो.

मायटॉटिक काउंट म्हणजे नेमकं काय मोजतात?

पेशी दोन भागांत विभागत असताना तिचं केंद्रक काही काळ विस्कटून गडद दिसतं. काचेवर अशा स्थितीत किती पेशी सापडल्या, ती ही संख्या. मोठ्या भिंगातून दिसणारं वर्तुळ म्हणजे एक हाय पॉवर फील्ड. जिथे विभाजन सर्वांत जास्त दिसतं तो भाग शोधून तिथली दहा फील्ड मोजतात. सरासरी काढत नाहीत, सर्वांत वाईट कोपराच बघतात.

आता '10 फील्ड' या शब्दांत एक गफलत आहे. जुन्या सूक्ष्मदर्शकातलं वर्तुळ लहान असतं, नव्यातलं मोठं. म्हणजे तेच दहा फील्ड मोजूनही एकाने जास्त जागा पाहिलेली असते. म्हणून हल्ली क्षेत्रफळ लिहायची पद्धत आहे आणि ते बहुतेक वेळा 2.37 चौरस मिलीमीटर असतं. राणीच्या रिपोर्टमध्ये कंसात तेच आहे. ते लिहिलेलं दिसलं की मोजणारा काटेकोर आहे, असं मी समजतो.

2007 च्या एका अभ्यासात 148 कुत्र्यांमध्ये हीच संख्या पाहिली होती. 5 पर्यंत असलेल्यांचं मध्यक आयुष्य 70 महिने निघालं आणि 5 च्या वर असलेल्यांचं 2 महिने. म्हणून काही रिपोर्टमध्ये 5 ही सीमा दिसते आणि ग्रेडमध्ये 7. दोन अभ्यास, दोन सीमा. 6 आला तर तो 'लो ग्रेड' असूनही बिनधास्त सोडण्यासारखा नसतो.

गेल्या गाठीत 0 होता, या गाठीत 2 आहे. वाढतंय का?

या दोन आकड्यांत फरक मानू नका. त्याच गाठीचा शेजारचा काप घेतला तर 2 च्या जागी 0 किंवा 3 येऊ शकतात. शिवाय प्रत्येक गडद ठिपका विभाजन नसतो. मरून आक्रसलेली पेशीही गडद दिसते आणि मास्ट सेलचे गडद दाणे केंद्रकाला झाकून टाकतात. 1 आणि 12 यांत मात्र फरक आहे. अडचण फक्त सीमेच्या आसपासच्या आकड्यांची: 5, 6, 7, 8. तिथे दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टचं मत घेण्यात अर्थ आहे.

शेजाऱ्यांच्या कुत्र्याचा काउंट 30 होता आणि तो ठणठणीत आहे. मग आमच्या 8 ला एवढं का घाबरवताय?

कारण आकडा ट्यूमरच्या नावाशिवाय वाचता येत नाही. तरुण कुत्र्यांना हिस्टिओसायटोमा नावाची एक लालसर गोल गाठ येते. तिच्यात विभाजन भरमसाट असतं आणि तरी ती काही आठवड्यांत बऱ्याचदा आपोआप विरघळते. सॉफ्ट टिश्यू सार्कोमामध्ये 0 ते 9 हा सर्वांत खालचा टप्पा मानतात. कातडीच्या मेलॅनोमामध्ये मात्र 3 आला तरी कान टवकारावे लागतात. तुमचा 8 मास्ट सेल ट्यूमरमधला असेल, तर तो हाय ग्रेडचा आहे. शेजाऱ्यांची गाठ बहुधा निराळ्याच नावाची असेल.

आता मार्जिन. 'क्लीन' लिहिलंय म्हणजे सगळं निघालं ना?

मार्जिन म्हणजे काढलेल्या तुकड्याची कापलेली कड. 'क्लीन' म्हणजे पाहिलेल्या जागी कडेपर्यंत ट्यूमरच्या पेशी दिसल्या नाहीत. 'पाहिलेल्या जागी' हे शब्द महत्त्वाचे आहेत, आणि ते समजण्यासाठी प्रयोगशाळेत काय होतं ते पाहावं लागेल.

गाठ तिथे पोचते ती फॉर्मलिनमध्ये बुडालेली. आधी कापलेल्या कडांवर शाई लावतात. पुढे काचेवर रंगीत रेघ दिसली, की ती सर्जनच्या चाकूची खरी कड आहे हे कळतं. नंतर अधिक चिन्हासारखे चार दिशांना काप घेतात, किंवा पाव कापतात तसे समांतर काप. प्रत्येक कापातून पाचेक मायक्रॉन जाडीचा पापुद्रा काचेवर चढतो.

राणीचा तुकडा प्रयोगशाळेत सुमारे 6 बाय 4.5 सेंटिमीटरचा लंबगोल होता. त्याचा परिघ साडेसोळा सेंटिमीटरच्या आसपास. चार दिशांचे चार पापुद्रे, प्रत्येक 5 मायक्रॉनचा, मिळून परिघावरचे 20 मायक्रॉन झाले. साडेसोळा सेंटिमीटरमधले 20 मायक्रॉन म्हणजे साधारण 8,000 भागांतला एक भाग. उरलेली कड कुणीही पाहिलेली नसते. समांतर काप जास्त जागा दाखवतात, पण सगळी कड तेही दाखवत नाहीत. ही प्रयोगशाळेची हलगर्जी नव्हे, सगळी कड पाहायची तर हजारो काचा लागतील.

म्हणूनच मिलीमीटरमधला आकडा 'क्लीन' या एका शब्दापेक्षा जास्त उपयोगाचा. पाहिलेल्या जागी 18 मिलीमीटर अंतर असेल, तर न पाहिलेल्या शेजारच्या जागी ट्यूमर कडेला भिडला असण्याची शक्यता कमी. अर्धा मिलीमीटर असेल तर तशी खात्री कुणी द्यायची?

मास्ट सेलमध्ये अजून एक पेच आहे. निरोगी कातडीतही मास्ट सेल असतात, आणि ट्यूमरच्या भोवती सूज असली की तिथे त्या आणखी जमतात. कडेजवळ सुट्या दोन-चार पेशी दिसल्या तर त्या ट्यूमरच्या की घरच्या, हे काच पाहून ठामपणे सांगता येत नाही. 'कडेजवळ विखुरलेल्या मास्ट सेल' असं लिहिलं असेल, तर पॅथॉलॉजिस्टने आपली शंका प्रामाणिकपणे नोंदवली आहे.

तुम्ही 2 सेंटिमीटर सोडून कापलं म्हणालात. मग पोटाकडे 6 मिलीमीटर कसे?

हा प्रश्न सर्जनवरच्या अविश्वासातून येतो आणि तो स्वाभाविक आहे. कातडी अंगावर ताणलेली असते. कापली की लगेच आक्रसते. फॉर्मलिनमध्ये जाण्याआधीच बरंचसं आक्रसणं झालेलं असतं. राणीच्या तुकड्याची रुंदी कापताना 5.8 सेंटिमीटर होती, प्रयोगशाळेत 4.5 भरली. म्हणजे 20 मिलीमीटरची कड तिथेच साडेपंधराच्या आसपास आली.

उरलेला फरक ट्यूमरचा. सर्जन मोजतो ते बोटाला लागणाऱ्या गाठीच्या काठापासून. पॅथॉलॉजिस्ट मोजतो ते शेवटच्या दिसणाऱ्या ट्यूमर पेशीपासून. पाठीच्या बाजूला पेशी गाठीच्या बाहेर पाचेक मिलीमीटर गेल्या होत्या, पोटाच्या बाजूला नऊ-दहा. शेवटी कडेला 10 आणि 6 मिलीमीटर उरले. 2 सेंटिमीटर सोडतात ते याच अदृश्य पसाऱ्यासाठी. डोक्याकडे आणि शेपटीकडे आकडे मोठे आहेत कारण जखम नीट मिटावी म्हणून लंबगोल कापतात, तिथे कातडी जास्त जातेच.

तळाशी एकच मिलीमीटर. हे तरी काळजीचं ना?

इथे पुढचे शब्द वाचायचे: 'तळाशी फॅशिया आहे'. फॅशिया म्हणजे स्नायूंवरचं पातळ, पांढरट, चिवट आवरण. कोंबडीच्या मांसावरचा पापुद्रा सोलताना बोटांना जाणवतो तसं. ट्यूमरच्या पेशी चरबीतून सहज पुढे सरकतात, पण अखंड फॅशिया सहसा चटकन ओलांडत नाहीत. म्हणून खाली फॅशियाचा एक अखंड थर आणि त्यावर एक मिलीमीटर चरबी ही सुरक्षित कड. नुसती पाच मिलीमीटर चरबी असली तर ती दिसायला मोठी, पण भरवशाची कमी. बाजूच्या कडा मिलीमीटरमध्ये वाचतात, तळाची कड थराच्या नावाने.

राणीच्या मालकीणबाईंना हे सांगायला मला दहा मिनिटं लागली. फोन ठेवताना त्या म्हणाल्या, "मग त्यांनी रिपोर्टमध्येच 'चांगलं आवरण आलंय' असं का नाही लिहिलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तळाच्या कडेत फॅशियाचा उल्लेखच नसेल, तर तो आला होता की नाही हे ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना विचारा. काढताना त्यांनी तो टाक्याने कातडीला जोडून पाठवला नसेल, तर थर फॉर्मलिनमध्ये सरकतात आणि पॅथॉलॉजिस्टला तो दिसतच नाही.

कड अपुरी आली. लगेच पुन्हा ऑपरेशन?

ग्रेडवर अवलंबून आहे. लो ग्रेड असेल तर घाई नको, निदान एकदा बसून बोलावं. कड अपुरी राहिलेले सगळेच ट्यूमर परत येत नाहीत. 2006 च्या एका अभ्यासात अपुऱ्या कडेचे 30 ग्रेड 2 ट्यूमर नुसते निरीक्षणाखाली ठेवले होते, त्यांतले 7 त्याच जागी उगवले. म्हणजे चारात एकापेक्षाही कमी. दुसऱ्यांदा व्रण काढला तर त्या तुकड्यात ट्यूमर सापडतच नाही, असंही होतं.

तरी काही ठिकाणी मी दुसरं ऑपरेशन सुचवतो. गाठ धडावर असेल, जादा कातडी उपलब्ध असेल, कुत्रं तरुण असेल, तर ते सोपं काम आहे. पायाच्या खालच्या भागात, जिथे कातडी मुळातच ताणलेली, तिथे दुसरं ऑपरेशन म्हणजे उघडी जखम किंवा कातडी बसवण्याचं काम होतं. मग रेडिएशन मिळत असेल तर तो पर्याय, नाहीतर दर महिन्याला व्रण तपासत राहणं. दुसऱ्यांदा काढताना जुना व्रण पूर्ण घेऊन, त्याच्या कडेपासून पुन्हा मोजून कापतात. म्हणून पहिल्या जखमेचे टाके कुठवर होते, ड्रेन कुठून काढला होता, याचे फोटो जपून ठेवा.

ग्रेड हाय आहे, पण मार्जिन क्लीन. म्हणजे वाचलो?

इथे लोक मार्जिनवर जरा जास्तच विसंबतात. मार्जिन फक्त त्या जागेबद्दल बोलतं. हाय ग्रेड ट्यूमरच्या पेशी ऑपरेशनच्या आधीच लिम्फ नोडमध्ये गेलेल्या असू शकतात, आणि त्याच जागी परत येण्याचं प्रमाणही जास्त असतं. 2015 च्या एका अभ्यासात सगळे ट्यूमर स्वच्छ कडांनी काढलेले होते. तरी लो ग्रेडपैकी सुमारे 4 टक्के त्याच जागी परत आले, हाय ग्रेडपैकी 36 टक्के. 'क्लीन' शब्द दोन्ही रिपोर्टवर सारखाच होता.

हाय ग्रेड असेल तर लिम्फ नोड, पोटाची सोनोग्राफी, यकृत आणि प्लीहेच्या पेशींची तपासणी आणि पुढे केमोथेरपीचा विचार, हे मार्जिन कसंही असलं तरी येतं. व्हिनब्लास्टिन आणि प्रेडनिसोलोन ही नेहमीची जोडी. काही वेळा सी-किट नावाच्या जनुकातला बदल तपासतात, कारण त्यावरून टोसेरॅनिबसारखं औषध निवडायला मदत होते. केआय-67 नावाची चाचणीही रिपोर्टमध्ये सुचवलेली दिसेल. पेशी किती वेगाने वाढताहेत याचा अंदाज तिच्यातून येतो आणि ती सीमेवरच्या ट्यूमरमध्ये कामाची.

लो ग्रेड असेल तर लिम्फ नोड बघायची गरज नाही ना?

बघावा. हाताला न लागणाऱ्या, साध्या आकाराच्या नोडमध्येही कधी कधी पेशी पोचलेल्या सापडतात. राणीच्या उजव्या काखेतल्या नोडमधून सुईने पेशी घेतल्या, त्यात थोड्याच, सुट्या मास्ट सेल होत्या. निरोगी नोडमध्येही तशा असतात. गठ्ठ्याने असत्या तर चित्र वेगळं झालं असतं.

रिपोर्ट चुकीचा असू शकतो का?

पॅथॉलॉजिस्ट चुकतात, पण त्याहून जास्त वेळा नमुना चुकतो. सगळ्यांत वाईट म्हणजे गाठ आत कशी दिसते या उत्सुकतेने ती आडवी चिरणं. आता आतली चीरही कापलेली कड दिसू लागते, शाई भलत्या ठिकाणी लागते आणि 'कडेला ट्यूमर आहे' असा खोटा निकाल येतो. दुसरी चूक म्हणजे मोठ्या गाठीचा छोटा तुकडा पाठवणं. त्यावर मार्जिन लिहिताच येत नाही. तिसरी, फॉर्मलिन कमी. नमुन्याच्या दहापट फॉर्मलिन हवं. ते तासाला साधारण एक मिलीमीटर आत शिरतं, त्यामुळे जाड गाठीचा गाभा लहान डबीत सडून जातो आणि मग मायटॉटिक काउंट मोजणार कशात?

हे घडल्याच्या खुणा रिपोर्टमध्ये सापडतात. 'नमुना तुकड्यांत मिळाला', 'दिशा दर्शवलेली नाही', 'ऑटोलिसिस', 'कडांचं मूल्यमापन शक्य नाही' असे शब्द शोधा. मार्जिनची ओळच नसेल, तर तीही खूणच. मूळ मेणाचे ठोकळे प्रयोगशाळेत जपलेले असतात. तुमच्या डॉक्टरांनी फोन केला तर त्यातून आणखी काप घेता येतात, किंवा तेच ठोकळे दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडे जाऊ शकतात. पुन्हा भूल द्यावी लागत नाही.

हे सगळं मांजरालाही लागू?

नाही. पॅटनाइक आणि किउपेल या दोन्ही कुत्र्यांच्या पद्धती. मांजराच्या कातडीवरचे मास्ट सेल ट्यूमर बरेचदा सौम्य वागतात आणि त्यांचा हिशोब वेगळा. मांजराच्या रिपोर्टमध्ये कुत्र्याची ग्रेड दिसली तर ती बाजूला ठेवून डॉक्टरांना विचारा.

राणीचं पुढे काय ठरलं?

दुसरं ऑपरेशन नाही, केमोथेरपी नाही. पहिलं वर्षभर दर तीन महिन्यांनी तपासणी. घरी दर पंधरा दिवसांनी संपूर्ण अंगावरून हात फिरवायचा, कारण एकदा मास्ट सेल ट्यूमर झालेल्या कुत्र्याला दुसऱ्या जागी नवा ट्यूमर होऊ शकतो. तो जुना परत आलेला नसतो. व्रणाच्या आसपास किंवा काखेत मटाराच्या दाण्याएवढं जरी लागलं तरी 'चरबी असेल' म्हणून थांबायचं नाही, सुई घालून बघायची. सात महिन्यांनी डाव्या मांडीवर एक गाठ सापडली. ती चरबीचीच निघाली, पण सुई घातल्यावर.